पडद्यामागचा दिवा

लहानपणी आमच्या घरात देवाच्या आधी दिव्याला घाबरायला शिकवत. कारण साधं होतं. आमची बैठक आणि बाबांचा हातमाग एकाच खोलीत नांदायचे. पाचपावलीतल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं तशीच होती. अर्धी खोली माग खायचा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बाबा बसलेले आणि त्यांच्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं सूत. उरलेल्या अर्ध्या खोलीत आम्ही जेवायचो, अभ्यास करायचो, पाहुण्यांना बसवायचो आणि रात्री ओळीने झोपायचो. हवेत सुताचा बारीक कापूस सारखा उडत असायचा. तो भिंतीला चिकटायचा, डाळीत पडायचा, माझ्या वेणीत अडकायचा. अशा घरात ठिणगी म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून दिवाळीत आई हवालदार व्हायची. पणती परातीतच ठेवायची, परातीत बोटभर पाणी घालायचं. पणतीच्या हातभर अंतरात कापड नको, सूत नको, लेकरू नको. आणि तिचा सगळ्यात कडक नियम असा, की दिव्याजवळ एक मोठं माणूस बसलं पाहिजे. ते माणूस उठलं, तर दिव्यानंही त्याच्यासोबत उठायचं. आम्ही बहिणी हसायचो. "आई, दिव्याले सोबत घेऊन संडासाले जाऊ का?" असं ताईने एकदा विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

बाहेर ओट्यावर मात्र आम्हाला हव्या तितक्या पणत्या लावायची मुभा होती. घरात एकच. ती मागाची. दिवाळीत माग अंधारात ठेवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. संध्याकाळी बाबा काम थांबवायचे, खड्ड्याच्या कडेला परात ठेवायची, परातीत पणती, आणि आई शेजारी वाती वळत बसायची. तेवढा तास आई बसलेली दिसायची, म्हणून मला ती पणती फार आवडायची.

ही गोष्ट ऐंशीच्या पुढेमागे कधीतरीची, ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची. मी तेव्हा आठवीत होते. ताईचं सासर धरमपेठेत, नोकरदारांच्या वस्तीत. तिचे सासरे सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, भाऊजीही तसल्याच कचेरीत लागलेले. म्हणजे आमच्याच समाजातले, भाऊजींचे आजोबा उमरेडला विणकामच करायचे, पण आता त्या घरात टेबल होतं, खुर्च्या होत्या, भिंतीवर फ्रेममध्ये पदवीचा कागद होता. लग्न ठरलं तेव्हा बाबांचा ऊर भरून आला होता. आणि त्याच दिवसापासून बाबांना एक चमत्कारिक रोग जडला. त्यांना स्वतःच्या मागाची लाज वाटायला लागली.

ते हे कधी बोलले नाहीत. पण मला दिसत होतं. लग्नाची बोलणी त्यांनी मोठ्या काकांच्या घरी केली. भाऊजी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना ओट्यावरच चहा पाजला आणि ओट्यावरूनच निरोप दिला. ताई माहेरपणाला येऊन परत जायची, तेव्हा तिच्या पिशवीतले कपडे बाबा स्वतः झटकायचे, सुताचा एक धागा चिकटलेला राहू नये म्हणून. ताई बघायची आणि गप्प बसायची.

आता दिवाळसण आला. पहिल्या दिवाळीला जावई घरी येणार, पाडव्याला ताई त्याला ओवाळणार, सासऱ्याने त्याला अंगठी घालायची. ओट्यावर निभावण्यासारखं हे काम नव्हतं. बाबांची झोप उडाली. "बैठकीत बसवू कोठी वं त्याहिले?" असं ते आईला रोज विचारायचे. आई म्हणाली, "कोठी म्हणजे? सतरंजीवर. माग काय चावते का जावयाले?" दुसऱ्या दिवशी बाबा बर्डीच्या बाजारात गेले आणि पडदा घेऊन आले.

नायलॉनचा पडदा! गुलाबी, त्यावर ताटाएवढी पिवळी फुलं. पिढ्यान्‌पिढ्या सूत हाती धरणाऱ्या माणसाने बाजारातून नायलॉन आणलं म्हटल्यावर आईने कपाळावर हात मारला. "लोक हासतीन ना जी! विणकराच्या घरात हे मेणकापड?" बाबांनी ऐकलं नाही. खोलीच्या मधोमध तार ताणली, छतापासून जमिनीपर्यंत पडदा सोडला आणि माग दिसेनासा झाला. खरं सांगते, त्या दिवशी मला तो पडदा फार आवडला. आमच्या घरात तसलं चकचकीत काही आलंच नव्हतं. मी त्याला दिवसभर हात लावून बघत होते.

पण बाबांचं समाधान होईना. पडदा असा मधेच का, हे कोणी विचारू नये म्हणून तो सजवायचा होता. त्यासाठी त्यांनी लाइटिंगची माळ काढली. शेजारच्या काकांकडे जुनी माळ पडून होती, गणपतीत लावायची. तीस-चाळीस बारीक बल्ब एकापाठोपाठ एक जोडलेले, प्रत्येकावर प्लॅस्टिकचं फूल. त्या काळच्या माळेचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. एक बल्ब गेला की आख्खी माळ विझायची. मग एक एक बल्ब तपासत बसा. सापडला की नवीन लावायचा. पण नवा बल्ब त्याच जातीचा मिळायला हवा. तो मिळायचा नाही, म्हणून लोक गेलेला बल्ब कापून टाकायचे आणि दोन्ही वायरी एकमेकींना पिळून द्यायचे. माळ पुन्हा पेटायची. सगळे खूश.

काकांनी अनेक वर्षं हेच केलं होतं आणि बाबांनी आणखी काही बल्ब कापले. पण एकूण वीज तर तेवढीच. जी तीस-चाळीस जणांत वाटली जायची, ती आता कमी जणांच्या वाट्याला येत होती. म्हणजे प्रत्येक बल्बला त्याच्या ताकदीबाहेरचा घास. हे आज कळतं. तेव्हा आम्ही काय म्हणालो? "वा! यंदा काय लख्ख पेटून राहिली माळ!" गल्लीतले लोक बघायला आले. ती चमक म्हणजे धोक्याची खूण होती आणि आम्ही तिचंच कौतुक करत होतो.

आणि बाबांची कारागिरी बघा. पिळलेल्या वायरी उघड्या राहू नयेत, एवढं त्यांना कळत होतं. काळी टेप आणायची सोडून त्यांनी त्या प्रत्येक जोडावर सूत गुंडाळलं. मागावरचं सूत! इतकं सुबक, इतकं घट्ट, की सांधा ओळखू येऊ नये. काका म्हणाले, "वा गा! याले म्हणतात विणकराचा हात." कोरडं सूत, त्याच्या पोटात उघडी तार. पुढे प्लगही नव्हता. वायरीची टोकं बोर्डाच्या भोकात घातली आणि आगपेटीच्या काड्या खोचून पक्की केली. तेव्हा सारेच तसं करायचे.

आईने एकदा विचारलं, "पडद्याले लागून आहे ते. गरम नाही होत का?" बाबा म्हणाले, "अवं, आग कोठी आहे त्यात? लाइट आहे तो." आईचे सगळे नियम आगीसाठी होते. लाइटसाठी तिच्याजवळ नियम नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली. माळ पडद्याला टाचण्यांनी जागोजागी टोचलेली तशीच राहिली.

पाडव्याची संध्याकाळ आली. भाऊजी आणि ताई दिवे लागायच्या वेळी आले. बघता बघता खोली भरली. जावई बघायला आलेल्या बाया, शेजारच्या काकांचं आख्खं कुटुंब, माझी आत्या, आणि पोरं, पोरं, पोरं. ती पडद्याच्या अगदी पुढ्यात बसली होती, कारण माळ तिथे होती. काकांची सगळ्यात लहानी, जेमतेम दोन-अडीच वर्षांची, नवा झालरीचा नायलॉनचा फ्रॉक घालून फुलांकडे बोट दाखवत होती. भाऊजींसाठी शेजारच्यांची खुर्ची मागून आणली होती. ती मानाची जागा पडद्याला पाठ लावून. ऑक्टोबरातला आमचा उकाडा, त्यात एवढी माणसं, म्हणून बाबांनी टेबलफॅन आणून थेट भाऊजींवर सोडला.

कोणाच्याही ध्यानात न आलेली एक गोष्ट आईने केली होती. ती पडद्यामागे जाऊन मागाची पणती लावून आली होती. रीत ती रीत. परातीत पाणी घालून, खड्ड्याच्या कडेला, तिच्या हिशेबाने सगळं जागच्या जागी. फक्त शेजारी बसायला ती राहू शकली नाही. चुलीवर तेल तापत होतं, अनारसे तळायचे होते. आणि बाबांना तिने सांगितलं नाही, कारण पडदा टाकल्यापासून ते दोघं एकमेकांशी धड बोलतच नव्हते. पडद्याच्या पुढे काय आहे ते बाबांना ठाऊक, मागे काय आहे ते आईला. दोन्ही एकदम कोणालाच ठाऊक नव्हतं.

भाऊजी खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवून वर बघितलं. मग नाक हुंगल्यासारखं केलं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते, मला स्पष्ट दिसलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाबांचा चेहरा पडला. मागावरच्या सुताला खळ लावतात, तिचा एक आंबूस वास येतो. तो वास जावयाला आला, असं बाबांना वाटलं. त्यांनी लगबगीने दोन उदबत्त्या लावल्या.

भाऊजी पुन्हा मागे बघायला लागले. मग उठले आणि पडद्याकडे गेले. बाबा आडवे आले. "तिकडे काही नाही जावईबापू, अडगळ आहे. बसा तुम्ही."

"नाही मामाजी, ते पडद्यामागे काहीतरी..."

"काही नाही, काही नाही. बसा ना जी."

सासऱ्याने एवढं म्हटल्यावर पहिल्या दिवाळीचा जावई काय करणार? ते परत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. दारापाशी जाऊन उभे राहिले. आत्याने माझ्या कानाशी तोंड आणलं, पण तिचा आवाज म्हणजे लाउडस्पीकर. "रुसला वाटते जावई. अंगठी हलकी भेटन असं वाटलं असन." आता बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. मी अनारसे घेऊन गेले तर भाऊजी म्हणाले, "नको आता." त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

मला भाऊजींचा असा राग आला! वाटलं, कोण समजतो हा स्वतःला? माझ्या बाबांनी याच्यासाठी घर उलटंपालटं केलं, आणि याला आमच्याकडे बसायलाही नको? ताईकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक. ओवाळायचं ताट घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नात मानपान नीट झाला नाही, असं तिच्या सासूने आधीच चारचौघांत म्हटलं होतं. आता जावई दिवाळसणात खुर्चीवरून उठून दारात जाऊन उभा राहिला, ही बातमी धरमपेठेत पोचायला वेळ लागला नसता. पुढची आख्खी जिंदगी तिला ते ऐकावं लागलं असतं. आई चुलीपुढे डोळे पुसत होती. "काय चुकलं वं माय आपलं?" असं ती कढईलाच विचारत होती.

बाबा मात्र पडद्यासमोर उभे होते, दोन्ही हात मागे बांधून, पहारा दिल्यासारखे. माझ्या बाबांना मी इतकं लहान झालेलं कधीच बघितलं नव्हतं.

भाऊजींना काय दिसत होतं, ते नंतर कळलं. पंख्याच्या वाऱ्याने पडदा मागे फुगायचा, आणि फुगला की त्यामागे खाली एक पिवळा उजेड हलायचा. तो उजेड माळेचा नव्हता. माळ वर होती. आणि वर जिथे बल्ब पडद्याला टेकले होते तिथे गुलाबी नायलॉनवर तपकिरी डाग पडत होते, एक-दोन फुलं वितळून वाकडी झाली होती. तो वास खळीचा नव्हता, जळक्या प्लॅस्टिकचा होता. उमरेडच्या आजोबांच्या घरी बालपण काढलेल्या माणसाला पडद्यामागे काय असणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. पण त्यांच्या आईने निघताना बजावून पाठवलं होतं, सासुरवाडीत खोड काढू नको, तिथे तू बोलशील आणि इथे तुझी बायको रडेल. ताईला रडावं लागू नये म्हणून ते गप्प होते. आणि त्या गप्प राहण्यानेच ताई रडवेली झाली होती.

तेवढ्यात लहानी पडद्याखालून सरपटत आत गेली. तिलाही तो उजेड दिसला होता.

भाऊजी ओरडले. असे ओरडले की माझ्या हातचा ट्रे खाली पडला. "मेन बंद करा! आधी मेन बंद करा!"

कोणालाच काही समजलं नाही. बाबा तसेच उभे. वाऱ्याने फुगलेला पडदा मागे पणतीला टेकला होता. त्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, निळसर-पिवळी ज्योत चढताना दिसली. नायलॉन भडकत नाही हो सुताइतकं, पण ते आक्रसतं, वितळतं आणि त्याचे पेटते थेंब टपटप खाली पडतात. ते थेंब जिथे पडत होते तिथे ताणलेलं सूत होतं, आणि तिथेच कुठेतरी लहानी होती. काकांनी पडदा ओढायला हात पुढे केला. भाऊजींनी त्यांचा हात झटकला. "हात नका लावू, वायरी आहेत त्यात!" पडद्याला जिवंत माळ टोचलेली. तो तसाच ओढला असता तर सगळे उघडे जोड पोरांच्या अंगावर आले असते.

ताईने ओवाळणीचं ताट तिथेच जमिनीवर ठेवलं, पोरांवरून उडी मारली आणि दाराजवळच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. अंधार झाला. उरली फक्त ती ज्योत. मग भाऊजींनी पडदा दोन्ही हातांनी ओढून तारेसकट खाली पाडला, दाराकडे फेकला आणि आत झेप घेतली. आई बादली घेऊन धावली. वीज बंद झालेलीच होती. तिने आधी पेटता पडदा विझवला आणि मग उरलेलं पाणी मागावर ओतलं, स्वतःच्या हाताने, बाबांच्या सहा दिवसांच्या कामावर. बायकांनी पोरांना धरून ओट्यावर नेलं.

लहानीला काही झालं नाही. फ्रॉकच्या झालरीला एका कोपऱ्यात कडक गाठ झाली होती, तेवढंच. ती भाऊजींच्या कडेवर बसून "दिवा, दिवा" म्हणत होती. काकू तिला छातीशी धरून इतकी रडली की तिला आवरताना आईही रडायला लागली.

भाऊजींच्या उजव्या मनगटावर मात्र नायलॉनचा एक थेंब पडून चिकटला होता. आत्या टूथपेस्ट घेऊन आली, कोणी शाई आणली. भाऊजींनी मान हलवली. "नुसतं पाणी. थंड पाणी ओतत राहा. आणि ते ओढून काढू नका, कातडी निघेल." ताई त्यांचा हात परातीवर धरून तांब्याने पाणी ओतत राहिली. पुष्कळ वेळ. दवाखान्यात त्याच संध्याकाळी नेलं. ती खूण त्यांच्या हातावर आजही आहे, पैशाएवढी.

मी मात्र त्या अंधारात बाबांकडे बघत होते. काकांनी कंदील आणून ठेवला होता. पडदा गेला होता. जो माग बाबांनी लग्न ठरल्यापासून लपवला, तो आता गल्लीसमोर, जावयासमोर, उघडा पडला होता. ओला, धुराने काळवंडलेला, वीतभर सूत जळून तुटलेलं. बाबा खड्ड्याच्या काठावर बसले. "लाज झाकून राहिलो होतो म्या," ते म्हणाले, "अन् लेकरू जाळत होतो." ते कोणाला सांगत नव्हते, पण सगळ्यांनी ऐकलं.

दवाखान्यातून आल्यावर भाऊजी घरी गेले नाहीत. दिवाळसण झाला नव्हता ना. ताईने ओवाळलं, बाहेर ओट्यावर, पोरांना पाठीमागे बसवून. भाऊजींचा एक हात पट्टीत होता म्हणून अंगठी डाव्या हातात घातली. बाबांनी ती घातली पण त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

माळेचं नंतर काय झालं ते सांगून टाकते, कारण लोक विचारतात. भाऊजींनीच ती कचऱ्यात टाकली. पुढच्या वर्षी नवी आली, प्लगसकट, आणि ती ओट्याच्या लाकडी खांबांना लागली, जिथे तिला कापड टेकत नाही. बल्ब गेला तर त्याच जातीचा आणायचा, नाही मिळाला तर माळ काढून ठेवायची. निजताना बटण बंद. आईने लाइटसाठीही नियम केले, ते दिव्याच्या नियमांपेक्षा कडक निघाले. माझ्या नातवंडांना मी आज तेच ऐकवते. ती हसतात. "आजी, आता एलईडी असतात, गरम होत नाहीत." असतील बाबा. पण पडद्याला नाही टोचायची म्हणजे नाही टोचायची, आणि पणतीजवळून मी उठणार तर पणतीही माझ्यासोबत उठणार.

तर त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मला जाग आली तेव्हा बैठकीत खुसफुस चालली होती. ताई बाबांच्या शेजारी मागाजवळ बसून तुटलेले धागे जोडत होती. लग्नाआधी ती रोज करायची ते काम. एक टोक, दुसरं टोक, बोटांनी पीळ, पुढचा धागा. तिची बोटं काही विसरली नव्हती. भाऊजी भिंतीला टेकून सतरंजीवर चहा पीत बसले होते, पट्टीचा हात मांडीवर ठेवून. मी गोधडीतूनच बघत राहिले.

"यायच्या घरी सगळ्याइले माहीत आहे बाबा," ताई मान वर न करता म्हणाली. "पहिल्याच दिवशी सासूबाईनं विचारलं, बाप काय करते? म्या सांगतलं, लुगडी विणते. माझ्या अंगावरचं बी त्यायनंच विणलं, हात लावून पाहा म्हणलं. त्यायनं पाह्यलं. त्यायच्या उमरेडच्या सासऱ्याची आठवण काढली."

बाबांचे हात थांबले.

"तुम्ही ओट्यावर चहा पाजत होते यायले, माझी पिशवी झटकत होते. मले वाटे, तुमाले माझीच लाज वाटते का काय आता." तिने मान वर केली. "मले लाज वाटते का, हे तुम्ही मले एकदा विचारलं काहून नाही?"

हातातला धागा बाबांनी दोनदा जोडायचा प्रयत्न केला, तो जुळला नाही.

"भेव वाटे वं माय," ते म्हणाले. "तू हो म्हणली असती तं?"

ताईने त्यांच्या हातातून तो धागा घेतला आणि जोडून दिला.